मोहोरावर विकलेला डॉलर

धरमतरच्या खाडीतून दोन प्रकारचा व्यापार चालतो आणि दोन्ही व्यापार डॉलरमध्ये होतात, हे पुलावरून अलिबागला जाणाऱ्या माणसाला सहसा जाणवत नाही. एक व्यापार डोळ्यांत भरणारा आहे. भरतीच्या पाण्यावर कोळशाने आणि खनिजाने लादलेले बार्ज अंबा नदीच्या मुखातून आत येतात आणि डोलवीच्या पोलाद कारखान्याच्या धक्क्याला लागतात. पूर्वी हा कारखाना इस्पातचा होता, आता जिंदालांचा आहे. पोलादासाठी लागणारा कोकिंग कोळसा बव्हंशी परदेशातून येतो आणि त्याचे पैसे डॉलरमध्ये मोजावे लागतात. दुसरा व्यापार खाडीपासून थोडा आत, पेण शहरात आणि हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या गावांतल्या शेडमध्ये चालतो. तिथे गणपती तयार होतात. त्यातले काही खोक्यांत बसून न्हावाशेव्याहून बोटीने अमेरिका, इंग्लंड, मॉरिशस, आखात असा प्रवास करतात. त्यांचे पैसे डॉलरमध्ये येतात.

डोलवीच्या कारखान्याकडे डॉलरची चिंता वाहण्यासाठी एक स्वतंत्र खाते असते, त्यात शिकलेली माणसे असतात, त्यांच्यासमोर दिवसभर दर हलत असतात. हमरापूरच्या कारखानदाराकडे हे काम त्याच्या मुलाकडे नाहीतर पुतण्याकडे असते. तोच खोक्यांवर लेबले चिकटवतो, तोच ट्रक ठरवतो, आणि रुपया किती हलला हे तोच रात्रीच्या बातम्यांत पाहतो. या दुसऱ्या माणसासाठी बँकेत एक साधे साधन असते. त्याला फॉरवर्ड कॉन्ट्रॅक्ट म्हणतात. पुढे मिळणाऱ्या डॉलरचा दर आजच पक्का करून ठेवायचा. इंग्रजीत या सगळ्या उद्योगाला हेजिंग, म्हणजे कुंपण घालणे, असा शब्द आहे. मराठीत आपण त्याला वायदा म्हणतो आणि तिथेच घात होतो. वायदा म्हटले की आपल्याला सट्टा आठवतो, वायदेबाजारात बुडालेला कुणी मामा आठवतो आणि सज्जन माणूस दोन पावले मागे सरतो. मी नोकरीची बरीच वर्षे बँकेत आणि त्यातली काही परकीय चलन विभागात काढली. माझ्या मते या बाबतीत सट्टा नेमका उलट माणूस खेळत असतो. दर पक्का न करता सहा महिने डॉलरची वाट पाहत बसणारा.

कोकणातल्या माणसाला खरे म्हणजे हे साधन नवे नाही. आंब्याची बाग मोहोरावर देण्याची पद्धत आपल्याकडे जुनी आहे. झाडाला मोहोर आला की व्यापारी येतो, बाग पाहतो आणि एक रक्कम ठरवतो. मे महिन्यात वाशीच्या बाजारात पेटीला काय भाव मिळेल ही काळजी त्या दिवसापासून त्याची. भाव कडाडला तर बागायतदार हळहळतो, कोसळला तर सुटकेचा नि:श्वास टाकतो. फॉरवर्ड म्हणजे डॉलर मोहोरावर विकणे. यात एक महत्त्वाचा फरक आहे, आणि लहान निर्यातदार बुडतो तो बहुधा त्याच फरकामुळे. त्याकडे मी येणारच आहे. आधी साधा हिशेब पाहू.

एक कारखानदार डोळ्यांसमोर आणू. तो काल्पनिक आहे, पण त्याच्या भोवतीचे डॉलरचे दर खरे आहेत. त्याला अमेरिकेतल्या एका व्यापाऱ्याने ४० हजार डॉलरच्या मूर्तींची मागणी दिली. १० हजार आगाऊ, उरलेले ३० हजार उत्सव झाल्यावर. परदेशचा माल उशीर करून चालत नाही. बोटीला महिना-दीड महिना लागतो, तिकडच्या बंदरात दिवस जातात, दुकानात माल चतुर्थीच्या आधी पोहोचावा लागतो. म्हणून मागणी हिवाळ्यात किंवा उन्हाळ्याच्या तोंडी येते आणि पैसे येईपर्यंत भाद्रपद उलटतो. मधले पाच ते आठ महिने तो कारखानदार माती, रंग, मजुरी, पुठ्ठा, भाडे हे सगळे रुपयांत देतो. येणे मात्र डॉलरमध्ये असते.

वर्ष २००७ घ्या. जानेवारीत डॉलर ४४ रुपये २० पैशांच्या आसपास होता. आपल्या कारखानदाराने त्या दराने हिशेब मांडला. ४० हजार डॉलरचे १७ लाख ६८ हजार, खर्च १६ लाख, शिल्लक १ लाख ६८ हजार. धंदा बरा आहे. आगाऊ १० हजार त्याच दराने मिळाले. मग वर्षभर परदेशी पैसा हिंदुस्थानच्या शेअर बाजारात येत राहिला आणि रुपया वधारत गेला. त्या वर्षी चतुर्थी १५ सप्टेंबरला होती. सप्टेंबरअखेर उरलेले ३० हजार डॉलर आले तेव्हा दर चाळिसाच्या खाली, ३९ रुपये ८० पैशांच्या घरात होता. डॉलरमागे ४ रुपये ४० पैसे गेले. म्हणजे १ लाख ३२ हजार गेले. उरले ३६ हजार. एकही मूर्ती फुटली नव्हती, ग्राहकाने एक डॉलर बुडवला नव्हता, मजुरी वाढली नव्हती. तरी आठ महिन्यांच्या कामाचा नफा आटून गेला. तिरुपूरच्या बनियनवाल्यांपासून लुधियानाच्या लोकरवाल्यांपर्यंत लहान निर्यातदारांनी त्या वर्षी हेच अनुभवले.

पोळलेला हा कारखानदार पुढे शहाणा होतो आणि बँकेत येऊन दर पक्का करू लागतो असे धरू. आता २०१३ साल. एप्रिलच्या मध्यावर डॉलर ५४ रुपये ३० पैसे आहे. पुन्हा तसाच सौदा, उरलेले ३० हजार डॉलर सप्टेंबरच्या मध्यानंतर येणार. तो बँकेत जातो, आणि बँक त्याला ५५ रुपये ६० पैसे दर देते. आजच्यापेक्षा १ रुपया ३० पैसे जास्त. तो चकित होतो. त्याला वाटते, बँकेला आतून काही कळलेले दिसते. डॉलर वर जाणार अशी बँकेची अटकळ असणार.

ही समजूत मी शिकल्यासवरल्या माणसांतही पाहिली आहे, आणि ती साफ चुकीची आहे. फॉरवर्डचा दर हे भविष्य नसते. तो व्याजाचा हिशेब असतो. बँक काय करते ते पाहा. कारखानदाराकडून पाच महिन्यांनी डॉलर मिळणार असे ठरल्याबरोबर बँक, स्वतः किंवा बाजारातल्या दुसऱ्या बँकेमार्फत, तेवढे डॉलर आजच उसने घेते आणि आजच विकून टाकते. एका डॉलरचे ५४ रुपये ३० पैसे तिच्या हातात येतात. ते रुपये ती पाच महिने व्याजाने लावते. त्या एप्रिलमध्ये रिझर्व्ह बँकेचा रेपो दर साडेसात टक्के होता. त्या हिशेबाने पाच महिन्यांचे व्याज साधारण १ रुपया ७० पैसे होते. उसन्या डॉलरवर तिला व्याज द्यावे लागते, पण अमेरिकेत तेव्हा व्याज जवळजवळ नव्हतेच. खर्चासकट एक टक्का धरा, तर २३ पैसे झाले. राहिले १ रुपया ४७ पैसे. सप्टेंबरात कारखानदाराचे डॉलर आले की त्यांनी उसने फेडले, खाते बंद. ते १ रुपया ४७ पैसे कारखानदाराच्या थांबण्याचे मोल आहे. त्यालाच प्रीमियम म्हणतात. त्यातले १७ पैसे बँकेने आपल्या कमाईपोटी ठेवले आणि १ रुपया ३० पैसे त्याला दिले.

यात बँकेने कुठेही डॉलर चढेल की उतरेल याचा विचार केलेला नाही. तिने आपला धोका पहिल्याच दिवशी बाजारात विकून टाकला. रुपयाचे व्याज डॉलरच्या व्याजापेक्षा जास्त असते तोवर निर्यातदाराला प्रीमियम मिळतो, आणि खाडीकाठच्या पोलाद कारखान्यासारख्या आयातदाराला तोच मोजावा लागतो. व्याजांतले अंतर आटले की प्रीमियमही आटतो. म्हणून दर वर्षी तो सारखा नसतो.

आता कारखानदार हिशेब मांडतो. आगाऊ १० हजार डॉलरचे ५ लाख ४३ हजार, पुढच्या ३० हजारांचे १६ लाख ६८ हजार. एकूण २२ लाख ११ हजार. खर्च २० लाख. नफा २ लाख ११ हजार, आणि तो एप्रिलमध्येच ठरलेला. मागणीची किंमत सांगण्याआधी जर त्याने फॉरवर्डचा दर विचारला असेल तर उत्तमच. कारण आपला भाव आजच्या दरावर नव्हे तर या दरावर बेतायचा असतो. आमच्याकडे येणारे बहुतेकजण आधी परदेशी व्यापाऱ्याला भाव सांगून मोकळे होत, आणि मग दर विचारायला येत. उलटा क्रम.

त्या उन्हाळ्यात काय झाले ते पुष्कळांना आठवत असेल. मे महिन्यात अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने पैशाचा पुरवठा आवरता घेण्याचे नुसते सूतोवाच केले आणि जगभरचा पैसा माघारी फिरला. रुपया घसरू लागला. २८ ऑगस्ट २०१३ रोजी डॉलर ६८ रुपये ८० पैशांवर गेला. रिझर्व्ह बँकेत नवे गव्हर्नर आले, काही उपाय झाले आणि सप्टेंबरअखेर तो साडेबासष्टच्या आसपास स्थिरावला. आपल्या कारखानदाराचे डॉलर तेव्हा आले. बाजारात ६२ रुपये ५० पैसे, त्याच्या पदरात ५५ रुपये ६०. ३० हजार डॉलरवर फरक २ लाख ७ हजार.

आता तो बँकेत येतो. असा माणूस काय बोलतो ते मला पाठ आहे. "साहेब, तुमच्या त्या कागदामुळे माझं दोन लाखाचं नुकसान झालं. शेजारच्यानं काही बुक केलं नाही, त्याची चांदी झाली."

त्याला उत्तर द्यायला खाडीच्या पाण्याचाच आधार घ्यावा लागतो. पेणच्या या बाजूला भातशेती खारबांधाच्या आड आहे. बांधाला खांड पडली आणि उधाणाचे पाणी आत शिरले तर ती जमीन दोन-तीन वर्षे पीक देत नाही, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही. बांधाची डागडुजी दर वर्षी करावी लागते. ज्या वर्षी मोठे उधाण आलेच नाही त्या वर्षी शेतकरी बांधावर घातलेल्या मातीचा हिशेब मागत फिरत नाही. कारखानदाराला एप्रिलमध्ये २ लाख ११ हजारांचा नफा हवा होता. तो त्याला मिळाला. ज्या २ लाख ७ हजारांसाठी तो हळहळतो ते त्याच्याकडे कधी नव्हतेच. २००७ सालची घसरण नको असेल तर २०१३ सालची चढण सोडावी लागते. बँक एकाच कागदावर दोन्ही घेते.

शेजाऱ्याची चांदी झाली हे खरे. पण शेजाऱ्याने गणपती विकून पैसे मिळवले नाहीत, अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या एका भाषणावर मिळवले. पुढच्या वर्षी तो शेड वाढवेल, कर्ज काढेल आणि त्या भाषणाचा भरवसा धरून बसेल. एक-दोन हंगामांत त्याला पहिला दणका बसेल तेव्हा आपला हिशेब कुठे चुकला हे त्याला कळणारही नाही, कारण हिशेब मांडलेलाच नव्हता.

इथवर सारे ठीक. पण आंब्याच्या बागेशी केलेली तुलना जिथे मोडते ती जागा आता येते. मोहोरावर बाग घेणारा व्यापारी भावाबरोबर पिकाचीही जोखीम घेतो. अवकाळी पाऊस पडला, मोहोर गळला, तर तो त्याचा तोटा. बागायतदाराने पेट्या भरून द्यायच्या नसतात. बँक असे काही करत नाही. ती फक्त भावाची जोखीम घेते. डॉलर येण्याची जोखीम तुमच्याचकडे राहते. तुम्ही बँकेला ३० हजार डॉलर देण्याचे कबूल केले आहे, गणपती विकून आणा नाहीतर आणखी कुठून आणा.

समजा, २०१३ सालीच तो कंटेनर कुठल्यातरी बंदरात अडकला. चतुर्थी ९ सप्टेंबरला होती, माल १२ तारखेला दुकानात पोहोचला. आंबा चार दिवस उशिरा आला तर थोड्या कमी भावाने जातो. गणपती चतुर्थीनंतर आला तर पुढच्या वर्षापर्यंत त्याला कुणी विचारत नाही. अमेरिकेतला व्यापारी पैसे द्यायला नकार देतो. आता कारखानदाराकडे डॉलर नाहीत आणि बँकेचा कागद मात्र जिवंत आहे. तो रद्द करायचा म्हणजे काय? बँकेने उसने घेतलेले डॉलर परत करायलाच हवेत. ती बाजारातून ६२ रुपये ५० पैशांनी ते घेते, कारखानदाराच्या हिशेबात ते ५५ रुपये ६० पैशांना धरते आणि फरक त्याच्या खात्यातून वजा करते. २ लाख ७ हजार.

तोच आकडा. डॉलर आले तेव्हा हा आकडा नुसती हळहळ होता. डॉलर आले नाहीत तेव्हा तो खिशातून गेलेला पैसा झाला, आणि तोही माल अंगावर पडलेला असताना. निर्यातीच्या पैशाचा विमा उतरवणारी सरकारी ईसीजीसी ही संस्था आहे. परदेशी ग्राहक बुडाला तर ती भरपाई देऊ शकते, पण तुमचा माल उशिरा पोहोचला म्हणून वाद झाला तर ती हात वर करील. दराच्या फरकाशी तर तिचा संबंध नाहीच. मी पाहिलेल्या लहान निर्यातदारांना फॉरवर्डमध्ये जे खरे चटके बसले ते जवळपास सगळे असे होते. दराने कुणी मारले नाही, तारखेने मारले.

म्हणून पहिली गोष्ट, सगळेच्या सगळे येणे पक्के करू नये. ३० हजारांपैकी किती डॉलर येणारच येणार, हे कारखानदारालाच ठाऊक असते. जुना ग्राहक, वेळेवर देणारा, माल वेळेत निघालेला, तर तीन चतुर्थांश करा. नवा ग्राहक असेल तर निम्मे. उरलेल्या भागावर दर हलला तर हलू द्या. हे गणित बँकेतल्या अधिकाऱ्याने ठरवायचे नसते. त्याला तुमचा ग्राहक ठाऊक नाही आणि, स्पष्टच सांगतो, जेवढे जास्त बुक होईल तेवढे त्याच्या शाखेचे उत्पन्न वाढते.

दुसरी गोष्ट तारखेची. बँक एका नेमक्या दिवसाचा करार देते, तसाच एका महिन्यापर्यंतच्या अवधीचाही देते, म्हणजे समजा १५ सप्टेंबर ते १४ ऑक्टोबर यातल्या कोणत्याही दिवशी डॉलर दिले तरी चालतात. त्या सवलतीपोटी ती प्रीमियम अवधीच्या पहिल्या दिवसापर्यंतचाच मोजते, म्हणजे काही पैसे कमी मिळतात. मूर्तीवाल्याने ते खुशाल सोडावेत. आणि गेल्या वर्षीचा कागद पाहून तारीख लिहू नये. कापड किंवा यंत्राचे सुटे भाग विकणाऱ्याला हा प्रश्न पडत नाही, पण आपला देव पंचांगाने चालतो. २०२३ साली अधिक श्रावण होता आणि चतुर्थी १९ सप्टेंबरला आली. २०२४ साली ती ७ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. दोन वर्षांत तेवीस दिवसांचा फरक. चुकीच्या महिन्याचा करार झाला तर ऐनवेळी मुदत वाढवून मागावी लागते. मुदत वाढवणे म्हणजे जुना करार बाजारभावाने मोडून नवा करणे. मोडण्याचा फरक तिथल्या तिथे भरावा लागतो. नव्या करारात तो कदाचित परत मिळतो, पण महिन्या-दोन महिन्यांनी. तोवर पैसे कुठून आणायचे?

आणि मुदत टळूनही बँकेला काहीच कळवले नाही, तर बँक काही दिवस वाट पाहून करार आपणहून रद्द करते. अशा वेळी तोटा असेल तर तो वसूल करायचा आणि फायदा असेल तर ग्राहकाला द्यायचा नाही, अशी बँकांच्या परकीय चलन संघटनेच्या, म्हणजे फेडाईच्या, नियमांतली पूर्वापार रीत आहे. गणपतीच्या दिवसांत कारखानदार विसर्जनाच्या गर्दीत असतो आणि बँकेचे पत्र टेबलावर पडून राहते. एक फोन पुरतो.

आणखी एक गफलत. निर्यातीच्या मालासाठी बँक जे कर्ज देते, ते डॉलरमध्येही घेता येते. व्याज कमी पडते म्हणून अनेकजण ते घेतात. पण डॉलरचे कर्ज घेऊन ते रुपयांत बदलले, की त्याच क्षणी तुमचा दर पक्का झालेला असतो. बँक फॉरवर्डसाठी पडद्यामागे जे करते तेच तुम्ही हाताने केलेले असते. पुढे येणारे डॉलर त्या कर्जात जमा होतात. त्याच बिलावर पुन्हा फॉरवर्ड बुक केला तर एकच बाग दोघांना विकल्यासारखे होते. कर्ज एका टेबलावर, फॉरवर्ड दुसऱ्या टेबलावर, आणि दोन्ही कागद एकत्र पाहणारा कुणी नाही, असे शाखेत घडू शकते.

आता बँकांबद्दल थोडे, कारण दोष एकट्या कारखानदाराचा नाही. मगाच्या हिशेबात बँकेने १७ पैसे ठेवले असे मी म्हटले, पण ग्राहकाला ते कधी सांगितले जात नाही. त्याला एकच आकडा मिळतो, ५५ रुपये ६० पैसे. १७ पैशांऐवजी ५० पैसे ठेवले असते तर ५५ रुपये २७ पैसे सांगितले असते आणि तो तेवढ्याच आनंदाने सही करून गेला असता. ३० हजार डॉलरवर ३३ पैसे म्हणजे ९ हजार ९०० रुपये, शेडमधल्या एका रंगाऱ्याची कित्येक दिवसांची मजुरी. विचारायचे ते असे: आजचा दर किती, प्रीमियम किती, आणि तुमचे किती? तीन आकडे वेगळे मागायचे. पहिला आकडा पडताळता येतो. रिझर्व्ह बँकेच्या पुढाकाराने २०१९ सालापासून एफएक्स-रिटेल नावाची सोय चालू आहे. तिथे लहान ग्राहकालाही बाजाराच्या जवळचा दर दिसतो. तो पाहून गेलेल्या माणसाशी शाखा वेगळ्या आवाजात बोलते.

यापेक्षा गंभीर प्रकार २००७-०८ साली झाला. रुपया वधारल्याने घाबरलेल्या निर्यातदारांना काही बँकांनी साध्या फॉरवर्डऐवजी गुंतागुंतीचे करार विकले. 'खर्च शून्य, आणि दर बाजारापेक्षा चांगला' हे त्यांचे आमिष. एक नमुना आपल्या कारखानदाराच्या मापाचा करून सांगतो. डॉलर अमुक पातळीच्या खाली राहिला तर तुम्ही ३० हजार डॉलर चढ्या दराने विका. वर गेला तर मात्र त्याच दराने ६० हजार विकायला तुम्ही बांधील. कारखानदाराकडे ३० हजारच आहेत. उरलेले ३० हजार त्याला महागात घेऊन स्वस्तात द्यावे लागणार. काही करारांत तर डॉलर आणि रुपया बाजूला राहिले, स्विस फ्रँक आणि येन आले, ज्यांच्याशी त्या निर्यातदाराच्या धंद्याचा सुतराम संबंध नव्हता. २००८ साली सगळीच चलने उलटीपालटी झाली आणि कारखाने अडचणीत आले. प्रकरणे कोर्टात गेली. तमिळनाडूच्या एका साखर कंपनीने हा करार म्हणजे जुगार आहे, म्हणून रद्दबातल ठरवा, असा दावा केला. मद्रास उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २००८ मध्ये तो मानला नाही. रिझर्व्ह बँकेने २०११ साली अशा व्यवहारांत नियम मोडल्याबद्दल १९ बँकांना दंड केला. दंडाची रक्कम प्रत्येकी काही लाख रुपये होती. बुडालेल्या रकमांच्या मानाने ती हास्यास्पद होती, असे माझे मत आहे.

हेजिंग आणि सट्टा यांतला फरक सांगायला त्यामुळे पुस्तकी व्याख्येची गरज नाही. करारातले चलन आणि बिलातले चलन एकच आहे का, आणि कोणत्याही परिस्थितीत मला द्यावे लागणारे डॉलर बिलापेक्षा जास्त तर होत नाहीत ना, एवढे दोन प्रश्न विचारले की कागद ओळखू येतो. दर बाजारापेक्षा चांगला मिळत असेल तर तो कुणीतरी, कुठल्यातरी कलमात वसूल करणारच. बँका देणग्या वाटत नाहीत. मी त्यांच्यात राहिलेला माणूस आहे.

एक मर्यादा मात्र कुठल्याच कागदाने ओलांडता येत नाही. रुपया घसरला की परदेशचा व्यापारीही ती बातमी वाचतो. २०१३ सारख्या वर्षी त्याचा फोन जुलैमध्येच येतो: तुमचा रुपया एवढा पडला, तुम्हाला घरबसल्या जास्त मिळणार, तेव्हा मला दहा टक्के सूट द्या. ज्याने दर पक्का केलेला नाही तो सूट देऊ शकतो, त्याच्याकडे वरकड पैसा येणार असतो. ज्याने पक्का केला आहे त्याच्याकडे तो नाही, आणि शेजारच्या शेडवाल्याने सूट दिल्याची खबर तिकडे पोहोचलेली असते. यावर उपाय बँकेत नाही. काही निर्यातदार अशा वेळी आपला फॉरवर्डचा कागद ग्राहकाला दाखवतात, माझा दर एप्रिलमध्येच ठरला, तुमचा भावही एप्रिलमध्येच ठरला, असे सांगतात. जुना ग्राहक ऐकतो. नवा ऐकत नाही, आणि मग पुढच्या मोसमाची मागणी कुणाकडे जाणार याची बोलणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात.